राजीनाम्याचं पत्र देण्याआधी: संचालकाला पद गेल्याची भरपाई किती आणि कधी मिळते

कोकणातल्या बहुतेक प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या म्हणजे घरच्याच कंपन्या. आंब्याचा पल्प, काजूप्रक्रिया, मासळीचं बर्फ आणि साठवण, एखादं रिसॉर्ट. तीन-चार भावंडं भागधारक असतात, त्यातला एक व्यवस्थापकीय संचालक असतो आणि दोघं मुंबईला राहून सणाला गावी येतात. पटेनासं झालं, की गणपतीत सगळे जमलेले असताना ओटीवर बसून तोडगा काढला जातो. "भाऊ, तुम्ही राजीनामा द्या, तुमचं तीन वर्षांचं आम्ही बघतो." भाऊही मोठ्या मनाने पत्र लिहून देतात.

त्या पत्रामुळे भाऊंचा भरपाईचा रस्ता कायद्याने बंद होतो. ही गोष्ट दोन्ही बाजूंना तेव्हा माहीत नसते. महिन्याभराने सीए हिशोब लिहायला बसतात, तेव्हा कळते. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे. ज्याचं पद जाणार आहे त्याच्यासाठी, आणि ज्यांना ते काढून घ्यायचं आहे त्यांच्यासाठीही. कंपनी कायदा २०१३ चं कलम २०२ हा याचा पाया आहे, आणि कारखाना किंवा शेअर विकले जात असतील तर कलम १९१. खासगी कंपन्यांना या कायद्यातल्या बऱ्याच कलमांतून सूट आहे, पण या दोन कलमांतून नाही.

पहिली पायरी: माणूस नक्की कोणत्या पदावर आहे ते कागदावर बघा

पद गेल्याची भरपाई फक्त तिघांना देता येते: व्यवस्थापकीय संचालक, पूर्णवेळ संचालक आणि मॅनेजर. बाकी कुठल्याही संचालकाला ती देता येत नाही. फक्त सभेला येणारा, सही करणारा, नावापुरता बसवलेला संचालक असेल, तर त्याला काढताना कंपनीने या नावाखाली एक रुपयाही द्यायचा नाही. घरच्या कंपनीत काकू किंवा वहिनी संचालक असतात, त्यांचं नाव कमी करताना "काहीतरी देऊया" अशी भावना असते. भावना चांगली आहे, पण कंपनीच्या खात्यातून तसा चेक काढता येत नाही.

मॅनेजर म्हणजे कारखान्यावर पाळ्या लावणारा माणूस नव्हे. कायद्यात मॅनेजर म्हणजे संचालक मंडळाच्या देखरेखीखाली कंपनीचा सगळा किंवा जवळजवळ सगळा कारभार ज्याच्या हाती आहे तो. कारखान्याच्या मॅनेजरला नोकरीचे नियम लागतात, हे कलम नाही.

व्यवस्थापकीय संचालकाबाबत घरच्या कंपन्यांत एक अडचण नेहमी दिसते. लेटरहेडवर, बँकेत, व्हिजिटिंग कार्डवर 'एम.डी.' छापलेलं असतं, पण मिनिटबुकात नेमणुकीचा ठरावच नसतो. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कारभाराचे मोठे अधिकार नियमावलीतून, करारातून, सर्वसाधारण सभेच्या ठरावातून किंवा संचालक मंडळाकडून मिळालेले असावे लागतात. ते कुठेच सापडले नाहीत, तर भरपाईचं बोलणं सुरू करण्याआधीच पाया डळमळीत आहे. म्हणून सर्वात आधी चार कागद काढा: नेमणुकीचा ठराव, सेवेचा करार किंवा नेमणूकपत्र, कंपनीची नियमावली आणि गेल्या तीन वर्षांचे पगाराचे हिशोब.

नेमणुकीच्या ठरावात मुदत बघा. व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालकाची नेमणूक एका वेळी पाच वर्षांहून जास्त करता येत नाही, आणि हे खासगी कंपनीलाही लागू आहे. 'पुढील आदेशापर्यंत' असं लिहिलेली नेमणूक असेल तर उरलेली मुदत मोजायची कशी, यावरच पहिलं भांडण होतं.

दुसरी पायरी: हक्क कुठून येतो ते समजून घ्या

कलम २०२ म्हणतं की कंपनी भरपाई देऊ शकते. 'दिलीच पाहिजे' असं ते म्हणत नाही. हा फरक माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ऐकून धक्का बसतो. कलमाने फक्त परवानगी दिली आहे आणि वरची सीमा आखली आहे. पैसे मागण्याचा हक्क यायचा तो करारातून.

दुसऱ्या बाजूने, भागधारकांनी सभेत ठराव करून संचालकाला काढलं, तरी कराराप्रमाणे त्याला मिळणारी भरपाई त्यामुळे बुडत नाही, असं कलम १६९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे 'सभेने काढलं, आता काही मागू नका' हे उत्तर चालत नाही. आणि 'कायद्यात तीन वर्षं लिहिलंय, तेवढं द्या' हेही चालत नाही. करारात काय आहे ते आधी बघायचं, मग ती रक्कम सीमेत बसते का ते तपासायचं. या दोनपैकी जी रक्कम कमी असेल तिथे थांबायचं.

करारात भरपाईचं कलमच नसेल, तर संचालक मंडळ आपण होऊन सीमेच्या आत काही देऊ शकतं. पण मग बाकीच्या भागधारकांना उत्तर देता येईल असं कारण ठरावात लिहिलेलं असावं.

तिसरी पायरी: पद कसं जातंय ते बघा, कारण सगळं तिथेच ठरतं

या विषयात सर्वात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

भरपाई ही 'पद गेल्याची' आहे. स्वतः सोडलेल्या पदाची नाही. कंपनीची पुनर्रचना किंवा दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण होतंय म्हणून दिलेला राजीनामा सोडला, तर इतर कुठल्याही राजीनाम्यावर भरपाई देता येत नाही. विलीनीकरणातही तोच माणूस नव्या कंपनीत व्यवस्थापकीय संचालक, मॅनेजर किंवा अधिकारी म्हणून बसत असेल, तर तिथेही नाही.

आता ओटीवरचा तोडगा पुन्हा डोळ्यासमोर आणा. भावंडांना वाटतं, काढून टाकण्यापेक्षा राजीनामा बरा, गावात अब्रू राहते. भाऊंनाही तेच वाटतं. पत्रात 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं जातं. कंपनीच्या हाती पत्र पोहोचलं, की राजीनामा त्या दिवसापासून, किंवा पत्रात पुढची तारीख असेल तर त्या तारखेपासून लागू होतो. संचालक मंडळाने तो मंजूर करण्याची वाट बघावी लागत नाही. त्यानंतर कितीही चांगल्या मनाने 'पदमुक्तीची भरपाई' म्हणून पैसे दिले, तरी ते कलम २०२ च्या विरुद्ध आहेत. उद्या कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात गेली, किंवा मुंबईतल्या एखाद्या भावाचं मन फिरलं, तर त्या पैशांवर बोट ठेवता येतं.

'मग मलाच काढा असं मी सांगतो' हा उपायही कायद्याने ओळखला आहे आणि बंद केला आहे. ज्या संचालकाने स्वतःचं पद काढून घ्यायला चिथावणी दिली, किंवा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष त्यात भाग घेतला, त्याला भरपाई मिळत नाही. म्हणून मंडळाच्या सभेत काय बोललं जातं आणि इतिवृत्तात काय उतरतं, याकडे दोन्ही बाजूंनी लक्ष द्यायला हवं. "भाऊंच्या विनंतीवरून त्यांना कार्यमुक्त करण्यात येत आहे" हे वाक्य आदर दाखवण्यासाठी लिहिलं जातं आणि त्याच वाक्यावर दावा अडकतो. विनंती खरोखर भाऊंचीच असेल तर ते वाक्य बरोबर आहे आणि भरपाई नाही. विनंती त्यांची नसेल, तर ती त्यांची असल्यासारखं लिहू नका.

याशिवाय आणखी तीन दारं बंद आहेत. एक, कलम १६७ प्रमाणे पद आपोआप रिकामं झालं असेल, उदाहरणार्थ बारा महिन्यांत झालेल्या मंडळाच्या एकाही सभेला तो हजर राहिला नसेल. रजा मागितली होती की नाही, याने फरक पडत नाही. दोन, कंपनी गुंडाळली जात असेल आणि ती वेळ त्या संचालकाच्या निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे आली असेल. तीन, त्याने कंपनीच्या कारभारात फसवणूक, विश्वासघात, घोर निष्काळजीपणा किंवा घोर गैरव्यवस्थापन केलं असेल. या तिसऱ्याबद्दल एक सांगतो. हिशोबात खोट आहे अशी शंका असेल, तर आधी लेखापरीक्षकाकडून लेखी अहवाल घ्या. मोघम आरोपावर कराराचे पैसे अडवले तर उलटा दावा होतो, आणि खोट माहीत असताना पैसे दिले तर देणारे संचालकही अडचणीत येतात.

मग सरळ मार्ग कोणता? भाऊंना पदावर राहायचं आहे आणि बाकीच्यांना ते नको आहे, अशी खरी परिस्थिती असेल, तर कंपनीने तसा निर्णय उघडपणे घ्यावा. इथे दोन पदं वेगळी समजा. व्यवस्थापकीय संचालक म्हणून केलेली नेमणूक संचालक मंडळ कराराच्या अटींप्रमाणे संपवू शकतं, आणि भाऊ साधे संचालक म्हणून मंडळावर राहू शकतात. बहुतेक घरांत एवढ्यानेच काम भागतं, आणि गावात कुणाला काही सांगावंही लागत नाही. संचालक म्हणूनही काढायचं असेल, तर ते काम सर्वसाधारण सभेचं आहे: विशेष सूचना, साधा ठराव आणि त्या संचालकाला आपली बाजू मांडायची पुरेशी संधी. विशेष सूचना सभेच्या किमान १४ दिवस आधी कंपनीकडे यावी लागते. गणपतीत सगळे जमलेत म्हणून त्या रात्रीच ठराव केला, तर ती सर्वसाधारण सभा होत नाही. त्या रात्री बोला, सूचना द्या, आणि सभा सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेसोबत ठेवा.

चौथी पायरी: वरची सीमा मोजा

नियम एका वाक्यात असा: पदावर राहिला असता तर उरलेल्या मुदतीत, किंवा तीन वर्षांत, यापैकी जो काळ कमी असेल त्या काळात त्याने जेवढं मानधन मिळवलं असतं, त्याहून जास्त भरपाई देता येत नाही. मानधनाचा दर शेवटच्या पगारावरून धरायचा नाही. पद जाण्याच्या लगेच आधीच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष मिळवलेल्या मानधनाची सरासरी धरायची. तीन वर्षं झालीच नसतील, तर जितका काळ पदावर होता तेवढ्याची सरासरी.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. रत्नागिरी तालुक्यातला आंब्याच्या पल्पचा कारखाना समजा. भाऊ १ जून २०२२ पासून पाच वर्षांसाठी व्यवस्थापकीय संचालक, म्हणजे मुदत ३१ मे २०२७ ला संपणार. मंडळाने त्यांची नेमणूक ३० सप्टेंबर २०२५ ला संपवली. करारात लिहिलं आहे: 'मुदतीआधी पद काढून घेतल्यास तीन वर्षांचा पगार भरपाई म्हणून मिळेल.'

भाऊंचा हिशोब सोपा असतो. शेवटचा पगार महिना ७०,००० रुपये, त्याचे छत्तीस महिने, म्हणजे २५,२०,००० रुपये. हाच आकडा मनात धरून ते बोलणीला बसतात.

आता कायद्याने मोजू. आधी काळ. १ ऑक्टोबर २०२५ ते ३१ मे २०२७ म्हणजे वीस महिने. तीन वर्षांपेक्षा हे कमी, म्हणून वीसच महिने धरायचे. करारातली तीन वर्षं इथे गळून पडतात.

मग सरासरी. १ ऑक्टोबर २०२२ ते ३० सप्टेंबर २०२५ ही तीन वर्षं धरायची. पगार पहिल्या वर्षी महिना ६०,०००, दुसऱ्या वर्षी ६५,०००, तिसऱ्या वर्षी ७०,०००. वर्षांचे मिळून ७,२०,००० अधिक ७,८०,००० अधिक ८,४०,०००, म्हणजे २३,४०,००० रुपये. नफ्यावरचं कमिशन पहिल्या वर्षी ६०,०००, दुसऱ्या वर्षी अवकाळी पावसाने मोहोर गेला म्हणून शून्य, तिसऱ्या वर्षी १,२०,०००. एकूण १,८०,०००. कंपनीच्या गाडीचा वैयक्तिक वापर प्राप्तिकराच्या हिशोबात वर्षाला ३६,००० धरला होता, त्याचे तीन वर्षांचे १,०८,०००. कायद्याच्या व्याख्येत अशा सवलतीही मानधनात येतात, त्यामुळे त्या सोडू नका.

सगळी बेरीज २६,२८,००० रुपये. भागिले छत्तीस महिने, सरासरी महिना ७३,०००. गुणिले वीस महिने, १४,६०,००० रुपये. ही भाऊंची वरची सीमा. सरासरी शेवटच्या पगारापेक्षा जास्त आली, तरी एकूण रक्कम त्यांच्या मनातल्या आकड्यापेक्षा साडेदहा लाखांहून जास्त खाली आली. सगळा फरक काळ मोजण्याने पडला.

काय धरायचं नाही, तेही सांगतो, कारण घरच्या कंपनीत हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. कारखान्याची जागा भाऊंच्या नावावर असेल आणि कंपनी त्यांना भाडं देत असेल, तर ते भाडं मानधन नाही. त्यांनी कंपनीला दिलेल्या रकमेवरचं व्याज मानधन नाही. शेअरवरचा लाभांश मानधन नाही. आणि या वर्षीच्या हंगामाचं अजून ठरलेलंच नाही असं कमिशन अंदाजाने आत घालू नका, कायदा 'प्रत्यक्ष मिळवलेलं' म्हणतो.

तारीख थोडी सरकली तर काय होतं ते बघा. समजा भाऊंची नेमणूक १ जून २०२४ ला झाली असती. ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत सोळा महिने झाले आणि त्या काळात एकूण ११,२०,००० मिळाले, तर सरासरी सोळा महिन्यांचीच काढायची, ७०,०००. मुदत मे २०२९ पर्यंत, उरले चव्वेचाळीस महिने. पण तीन वर्षांची सीमा आहे, म्हणून छत्तीस महिने, २५,२०,०००. तीन वर्षांची सीमा खरोखर कामाला येते ती अशी, मुदतीच्या सुरुवातीला पद गेलं तर.

नोटिशीच्या काळाचा पगार काम न करता द्यायचा असेल, तर तो मी या सीमेच्या आतच धरायला सांगतो. वेगळं नाव देऊन सीमेबाहेर काढलेली रक्कम तपासात टिकवणं कठीण जातं.

पाचवी पायरी: भरपाई आणि बाकीची देणी वेगळी करा

भाऊंना कंपनीकडून येणं असलेली प्रत्येक रक्कम ही भरपाई नसते. ३० सप्टेंबरपर्यंतचा पगार, साठलेली रजा, भविष्य निर्वाह निधी, लागू असेल तर ग्रॅच्युइटी, हे आधीच केलेल्या कामाचे पैसे आहेत. त्यांनी कंपनीला दिलेलं कर्ज परत करणं हे कर्जाची परतफेड आहे. दुसऱ्या एखाद्या कामासाठी, उदाहरणार्थ निर्यातीच्या गुणवत्तेचा सल्लागार म्हणून, त्यांना खरं काम देऊन मोबदला दिला, तर कलम २०२ त्याला आडवं येत नाही. पण ते काम खरं असलं पाहिजे. भरपाईची सीमा ओलांडण्यासाठी रचलेला 'सल्लागार करार' बँक आणि प्राप्तिकर अधिकारी दोघंही लगेच ओळखतात, कारण त्यात ना कामाचा तपशील असतो, ना एखादा अहवाल.

या सगळ्यात एक गोष्ट विसरली जाते, तिची मला फार काळजी वाटते: बँकेची वैयक्तिक हमी. कारखान्याच्या कॅश क्रेडिटला भाऊंनी हमी दिलेली असते, कधी स्वतःची कलमांची बाग गहाण असते. पद गेलं म्हणून हमी सुटत नाही. भरपाई घेऊन भाऊ घरी बसले आणि दोन हंगामांनी कर्ज थकलं, तर बँक त्यांच्याच दारात येणार. म्हणून समझोत्याच्या कागदात नवा हमीदार कोण आणि बँकेचं मुक्तिपत्र किती दिवसांत आणायचं, हे लिहून घ्या. अनेकदा हे भरपाईच्या रकमेपेक्षा मोलाचं असतं.

सहावी पायरी: कंपनीची तब्येत तपासा

सीमेत बसणारी रक्कमसुद्धा नेहमी देता येत नाही. पद गेल्याच्या आधी, किंवा नंतर बारा महिन्यांच्या आत, कंपनी गुंडाळण्याची प्रक्रिया सुरू झाली, आणि खर्च वजा जाता भागधारकांचं भांडवल प्रीमियमसह परत करण्याइतकी मालमत्ता उरली नाही, तर भरपाई देता येत नाही. कारखाना आधीच डबघाईला असेल, तर सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नका. हप्ते करा, आणि अशी वेळ आली तर रक्कम परत केली जाईल असं समझोत्यात लिहा. घेणाऱ्यानेही हे समजून घ्यावं, नाहीतर मिळालेले पैसे मुलीच्या लग्नात किंवा घराच्या कामात गेल्यावर परत मागितले जातात.

कंपन्यांच्या सभा आणि मंडळाच्या अधिकारांचे नियम २०१४, यातल्या नियम १७ मध्ये आणखी एक यादी आहे. ठेवी, डिबेंचर किंवा त्यांचं व्याज थकलं असेल, बँकेचं कुठलंही देणं थकलं असेल, कर थकले असतील, कामगारांची कायदेशीर देणी बाकी असतील, प्राधान्य शेअरचा लाभांश किंवा परतफेड राहिली असेल, तर भरपाई नाही आणि नोटीस पगारही नाही. हा नियम कारखाना किंवा शेअर विकण्याच्या प्रसंगासाठीच्या कलम १९१ खाली येतो. पण साध्या पदमुक्तीतही मी ही यादी तपासल्याशिवाय चेक काढू देत नाही. बायकांनी पहाटेपासून आंबे सोलले आणि त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरलेला नाही, अशा वेळी संचालकाला लाखांत रक्कम देणं मला योग्य वाटत नाही.

पल्पच्या कारखान्यात हे तपासायचा महिनाही महत्त्वाचा असतो. मे-जूनमध्ये फळ घेण्यासाठी मर्यादा पूर्ण उचललेली असते आणि माल पुढे विकला जाईपर्यंत पैसे अडकलेले असतात. मर्यादा पूर्ण वापरणं म्हणजे थकबाकी नव्हे, पण व्याज वेळेवर भरलं गेलं नसेल तर ती थकबाकी आहे. बँकेकडून खात्याचा उतारा घ्या आणि त्या तारखेला काहीही थकलेलं नाही हे नोंदवा.

कारखाना विकला जात असेल तर

मुंबईचा किंवा बाहेरचा कुणी निर्यातदार कारखाना, जमीन किंवा कंपनीचा ताबा मिळेल इतके शेअर घेत असेल, तर नियम कडक होतात. "संचालकांना मी वेगळं काहीतरी देतो," असं घेणारा म्हणतो, आणि घेणाऱ्याच्या खिशातले पैसे म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण अशा व्यवहारात पद जाण्याबद्दल मिळणारी रक्कम कंपनीने द्यावी, घेणाऱ्याने द्यावी किंवा तिसऱ्याने, भागधारकांना सगळा तपशील सांगून सर्वसाधारण सभेची मंजुरी घेतल्याशिवाय संचालकाने ती स्वीकारायची नाही. मंजुरीचा हा नियम साध्या संचालकालाही लागू आहे. कंपनी स्वतः व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालकाला किंवा मॅनेजरला जी भरपाई देते, तिला मात्र आधी मोजलेली सीमा आणि नियम १७ ची थकबाकीची यादी लागते.

सभेपुढे ठेवायचा तपशील असा: संचालकाचं नाव, रक्कम, कोणत्या घटनेमुळे ती द्यायची, मंडळाने शिफारस केली ती तारीख, रक्कम कशावरून ठरवली, का द्यायची, रोख की अन्य प्रकारे, आणि पैसे कुठून येणार. गणपूर्ती न झाल्याने सभा आणि तहकूब सभा दोन्ही बारगळल्या, तर मंजुरी मिळाली असं धरता येत नाही. मंजुरीशिवाय घेतलेली रक्कम संचालकाने कंपनीसाठी विश्वस्त म्हणून धरली आहे असं कायदा मानतो, म्हणजे ती परत करावी लागते, आणि वर एक लाख रुपयांचा दंड. घेणाऱ्याकडून वरचे पैसे मिळताना बाकीच्या भावंडांच्या शेअरचा भाव कमी लागला असेल, तर या कलमाने त्यांना खरं संरक्षण मिळतं. म्हणून सभेत हा प्रश्न मोकळेपणाने विचारा.

सातवी पायरी: कागद पूर्ण करा

मंडळाच्या ठरावात ज्याची भरपाई ठरते आहे त्याने आपला हितसंबंध जाहीर करावा आणि तशी नोंद घ्यावी. ठरावात पद संपल्याची तारीख, करारातलं कलम, महिन्यांचा हिशोब, सरासरीचा तक्ता आणि थकबाकी तपासल्याची नोंद असावी. 'एकमुखाने मान्य' एवढ्यावर भागवू नका, तक्ता ठरावाला जोडा.

नेमणूक संपल्याची किंवा संचालकपद गेल्याची माहिती निबंधकांकडे DIR-12 या अर्जाने ३० दिवसांत जाते. तोपर्यंत बँकेतल्या सह्या आणि जीएसटी, भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवरची डिजिटल सही बदलून घ्या. भाऊंची सही दोन महिने तशीच चालत राहिली, तर ते पदावरून गेले की नाही यावर वाद उभा राहतो, आणि वीस महिन्यांचा हिशोब अठरावर येतो.

भरपाई करमुक्त नसते. कंपनीशी नोकरीचं नातं असलेल्या संचालकाला ती पगाराच्या जागी आलेली रक्कम म्हणून करपात्र होते, आणि कंपनीने कर कापूनच द्यायची असते. भाऊंशी बोलताना १४,६०,००० हा कर कापण्याआधीचा आकडा आहे हे पहिल्याच बैठकीत सांगा. रक्कम बँकेतूनच द्या. पावतीवर भरपाई, पगार, रजेचे पैसे आणि कर्जाची परतफेड अशा चार ओळी वेगळ्या लिहा, प्रत्येकीपुढे रक्कम आणि कापलेला कर, आणि खाली भाऊंची सही तारखेसह घ्या.